प्रतिसाद: फोटोतला सोफा आणि आपला हॉल

>> फोटोत दोन्ही सोफे सारखेच दिसतात, आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये कोणता बसेल?

फोटोवर जाऊच नका, मोठ्या खोलीत वाइड लेन्सने काढलेला असतो. मापांच्या आकृतीत सोफ्याची एकूण खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप, आणि बसायच्या भागाची खोली वेगळी दिलीय का ते बघा. दहा फूट म्हणजे ३०५ सेंमी. सोफा ९५, समोर टीव्ही युनिट ४०, उरले १७०. त्यात ५० चं टीपॉय आणि पाय ठेवायला ४० सोडले, की चालायला ८० राहतात. ठीक आहे, पण रिक्लायनर असेल तर विसरा.

बसायची खोली ६० असेल तर पाच फुटी माणसाची पाठ टेकत नाही, किंवा पाय लोंबकळतात. घरात वयस्कर असतील तर ५० ते ५३ च्या पुढे जाऊ नका. पाठीच्या उशा सुट्या असतील तर माप उशी धरून आहे की काढून, हे विक्रेत्याला विचाराच. तिथेच दहा-पंधरा सेंमीचा घोळ होतो.

कापडाचा फोटो मोठा करून वीण बघा. धागे विरळ दिसले तर बसायच्या कडेला लवकर झिजतं. मार्टिंडेल आकडा, म्हणजे कापड किती घासणं सोसतं त्याचं माप, दिला असेल तर रोजच्या वापराला २० हजारांच्या वर हवा. रंग मात्र तुकडा मागवूनच ठरवा.