‘व्हिज्युअल केई’मधल्या ‘केई’ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी: दिवाळी अंकासाठी जपानी रॉकवर लेख लिहितेय. एक्स जपान, लूना सी, मॅलिस मिझर या बँडना ‘व्हिज्युअल केई’ म्हणतात. ‘व्हिज्युअल’ तसाच ठेवेन, पण ‘केई’ अडलाय. ‘दृश्यशैली’ लिहून पाहिलं, तर ते चित्रकलेतलं काहीतरी वाटलं.

अनिरुद्ध: केई म्हणजे शैलीच की. ‘व्हिज्युअल शैली’ लिहा आणि पुढे चला.

केतकी: शैली अर्धीच बसते. मी जपानी शिकवते, वर्गात हा प्रत्यय पहिल्या वर्षीच येतो. सूर्यमालेला जपानीत ‘ताइयोकेई’ म्हणतात, वंशावळीला ‘काकेई’ आणि कॉलेजातल्या कला शाखेला ‘बुनकेई’. एका धाग्यात ओवलेल्या गोष्टी, असा तो अर्थ. आपल्याकडे त्याला कुठे माला, कुठे कुळी, कुठे शाखा म्हणावं लागतं.

हे नाव कुठून आलं तेही बघ. एक्स (‘जपान’ नंतर १९९२ मध्ये जोडलं) यांचा ‘ब्लू ब्लड’ अल्बम १९८९ च्या एप्रिलमध्ये आला. त्याच्या वेष्टनावर ‘सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक’ असं घोषवाक्य होतं. १९९० मध्ये ‘शॉक्स’ नावाचं मासिक निघालं, त्यातून ‘व्हिज्युअल शॉक केई’ असा शब्द फिरला आणि वापरता वापरता ‘शॉक’ गळून पडला.

सदानंद: आमचे चिरंजीव दिवसभर हेच लावतात. दार बंद असलं तरी भिंत थरथरते. पण खरं सांगतो, परवा भाजी निवडताना मीच त्यातली चाल गुणगुणत होतो. एवढ्या गोंगाटात चाल कानात राहते कशी? केस रंगवल्यामुळे ‘व्हिज्युअल’ म्हणतात ना?

केतकी: सदानंदकाका, केस, रंगरंगोटी, पोशाख, सगळंच त्यात आलं. चालीचं मात्र खरं उत्तर आहे. एक्सचं ‘कुरेनाई’ ऐका. (कुरेनाई म्हणजे किरमिजी; ‘लाल’ लिहिलं तर रंग फिका पडतो.) सुरुवातीला शांत गिटार, त्यावर तोशी इंग्रजीत संथ गातो. मग योशिकीचे ड्रम्स सुटतात आणि हिदे व पाता यांच्या गिटार करवतीसारख्या चालू होतात. पण गिटारचा मुख्य तुकडा आला की नीट कान द्या. दोघं एकच धून वाजवतात, एक जण दुसऱ्यापेक्षा थोड्या वरच्या सुरात, त्यामुळे खरखरीतूनसुद्धा धून स्पष्ट उमटते. ड्रम्स आणि खरखर मनातून काढून नुसती गायलेली चाल म्हणून बघा. जुन्या जपानी सुगम गीतांच्या, ‘कायोक्योकु’च्या, घरात ती सहज नांदेल.

मृण्मयी: मग तिथे ‘साबी’ हाही शब्द येतो, गाण्यातला परत परत येणारा, लक्षात राहणारा भाग. मी ‘मुखडा’ केलाय.

केतकी: तो बदल, फसगत होईल. मुखडा आधी येतो. जपानी गाण्यात आधी ‘ए-मेलो’ हा सुरुवातीचा भाग, मग चढत जाणारा ‘बी-मेलो’, आणि तिसऱ्या जागी साबी फुटते. ‘कुरेनाई’ची साबी त्याच शब्दाने सुरू होते, सगळं सभागृह तिथे ओरडतं. काही गाणी साबीनेच सुरू होतात, त्यांना ‘आतामा-साबी’ म्हणतात, आतामा म्हणजे डोकं. मुखड्याच्या जवळ जाणारी तीच.

अनिरुद्ध: पण हे सगळं काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातून आलंय ना? पुरुषांनी बायकांचा वेष घेणं. आपल्याकडे बालगंधर्व होते, तसंच.

केतकी: दिसायला तसं दिसतं खरं, पण जवळचा रस्ता पाश्चात्त्य रॉकमधला गायक डेव्हिड बोवी आणि ‘किस’ हा बँड यांच्याकडून येतो. शिवाय बालगंधर्व शकुंतला झाले ते नाटकापुरते. मॅलिस मिझरचा गिटारवादक माना गाऊन घालतो, लोकांसमोर बोलतही नाही, पण तो कुठली भूमिका करत नाही. तिथे तो मानाच असतो. त्यामुळे ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द लेखात नको.

विभावरी: मी ‘केई’साठी ‘घराणं’ सुचवते. योशिकीने १९८६ मध्ये स्वतःची एक्स्टसी रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, पुढे लूना सी आणि ग्ले हे बँड तिथूनच वर आले. थोरल्याने धाकट्याला हात द्यायचा, ही घराण्याचीच रीत झाली.

केतकी: हात दिला हे खरं. पण घराण्यात गायकी एक असते. इथे एक्सची धडधड आणि मॅलिस मिझरचा जुन्या युरोपातल्या दरबारी संगीतासारखा बाज यांत आवाजाचं साम्य फार थोडं. ग्ले तर पुढे रंगरंगोटी उतरवून साध्या कपड्यांत गाऊ लागले. त्यांना केईत ठेवायचं की नाही, यावर जपानी चाहतेही भांडतात. मी ‘कुळी’ म्हणेन. कुळीतली माणसं एकसारखं गात नाहीत, पण कोण कुणाचा ते ठाऊक असतं.

विभावरी: कुळी जन्माने मिळते, यात तर माणूस आपणहून शिरतो. मला अजून घराणंच पटतंय.

मृण्मयी: शीर्षकात ‘केई’ तसाच ठेवते आणि पहिल्या परिच्छेदात सूर्यमालेचं उदाहरण देते. साबीही साबीच. ‘केई’ असं दोन अक्षरी लिहू की ‘के’ लांबवून? उच्चार तर लांब ‘के’ ऐकू येतो.

सदानंद: चिरंजीव ‘के’च म्हणतात. त्यांनी आता ‘कुरेनाई’ लावलंय, मी त्या दोन गिटार शोधतोय.