तेरवीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकावा का?

प्रश्नकर्ती (भंडारा जिल्हा)
मे महिन्यात आमच्याकडे तेरवीच्या जेवणातून एक मोठा गंज भरून भात उरला. तो रात्रभर झाकून ठेवला आणि सकाळी वाफा येईपर्यंत परतून फोडणीचा भात केला. दोन तासांत पाच जणांना उलट्या सुरू झाल्या. भाताला वास नव्हता, तारही सुटली नव्हती. इतका गरम केलेला भात बाधला कसा? मला तर आता वाटते की शिळा भात घरात ठेवूच नये.

स्वयंपाकाची कामे घेणारे आचारी (गोंदिया)
ताई, मी सहमत नाही. शिळा भात खाऊनच आमच्याकडची माणसे धानाच्या बांधीत राबली. दोष परतण्याचा असावा. कढई लहान आणि भात जास्त असला की वरचा भात नुसता कोमट होतो. विस्तव मोठा ठेवून थोडा थोडा भात परतला, तर कोणताही जंतू टिकत नाही.

शेतकरी (चंद्रपूर)
तांदूळ कोणता होता? आम्ही घरचा एचएमटी वापरतो आणि आम्हाला कधी त्रास झाला नाही. विकतचा तांदूळ जुना असेल तर असे होत असावे.

अन्नसूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षिका (नागपूर)
तांदळाच्या वाणाशी याचा संबंध नाही. बॅसिलस सेरियस हा जिवाणू मातीतच असतो आणि त्याचे बीजाणू धानाबरोबर घरी येतात. भात उकळताना इतर बहुतेक जंतू मरतात, पण हे बीजाणू त्यातून वाचतात आणि भात निवू लागला की रुजून वाढू लागतात. साधारण 30 ते 40 अंश तापमान त्यांना सर्वांत मानवते.

आचारीभाऊ, थोडा थोडा भात परतावा हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, कारण त्याने वाढलेले जिवाणू मरतात. पण वाढताना त्यांनी भातात सोडलेले सेरुलाइड हे विष तसेच राहते. ते 121 अंशांवर दीड तास ठेवले तरी टिकते, त्यामुळे कढईच काय, कुकरच्या शिट्ट्यांनीही ते जात नाही. त्याला वास नाही आणि चवही नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या होणे ही त्याची ओळख आहे, म्हणून ताईंच्या घरी हेच घडले असण्याची शक्यता मला मोठी वाटते, जरी तपासणीशिवाय खात्री देता येत नाही.

खरा निकाल सकाळी कढईत नव्हे, रात्री गंजात लागला. फूटभर खोल भात मधोमध कित्येक तास ऊन राहतो. थर दुप्पट केला की मधला भाग निवायला सुमारे चौपट वेळ लागतो. त्यावर झाकण असले तर वाफही कोंडते. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात रात्रीची हवाच 30 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे भात कितीही निवला तरी जिवाणूंना हव्या असलेल्या उष्णतेतच राहतो.

म्हणून भात उरणार असे दिसताच तो परातींत दोन बोटे जाडीने पसरावा, पंख्याखाली अधूनमधून हलवावा आणि तासाभरात उथळ डब्यांतून फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो एकदाच, आतपर्यंत कढत करून खावा. ज्या घरी फ्रीज नाही, तिथे उन्हाळ्यात नुसते पसरून भागत नाही. तो भात ताजा असतानाच संपवावा.

आचारी
विष टिकते हे मला माहीत नव्हते. मी माझे म्हणणे तेवढ्यापुरते मागे घेतो. पण दीडशे पानांचा उरलेला भात खेड्यातल्या कोणत्या फ्रीजमध्ये मावणार? त्यापेक्षा सगळा भात एकदम न चढवता पंगत पाहून एकेक घाणा काढणे मला जास्त शक्य वाटते. शेवटची पंगत बसेपर्यंत पहिला घाणा मात्र निवतोच.

शिक्षिका
घाण्यांचा उपाय उत्तम आहे. वाढायचा भात मंद निखाऱ्यावर 60 अंशांच्या वर, म्हणजे हाताला चटका बसेल इतका ऊन राहिला, तर त्यात वाढ होत नाही. कोमट झालेला भात पुन्हा ताज्या भातात मिसळू नये.

गृहिणी (गडचिरोली)
आमच्याकडे रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी बासी खातात. सासूबाई आयुष्यभर खात आल्या आहेत. ती पण सोडायची का?

शिक्षिका
बासी आंबली की तिच्यातला आंबटपणा या जिवाणूला अडवतो आणि थंड पाण्याने भात लवकर निवतो, म्हणून तिला मी गंजातल्या भाताच्या पंगतीत बसवणार नाही. पण आंबटपणा यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत तयार झालेले विष तो नाहीसे करत नाही. पाणी किती तासांनी घातले यावर बरेच अवलंबून आहे.

प्रश्नकर्ती
आमच्या गंजावर तर रात्री दहापासून झाकण होते. तरी शिळा भात ठेवूच नये हे माझे मत मी उन्हाळ्यापुरते सोडणार नाही.

गृहिणी (गडचिरोली)
आमच्याकडे जेवण आटोपून भांडी घासून झाल्यावरच पाणी घालतात, म्हणजे दोन-अडीच तास जातात. आजपासून जेवण होताच घालीन. सासूबाईंना पटेल की नाही, ते सांगता येत नाही.