ग्राहकांचे वाढदिवस: यादी कशी ठेवू, भेट काय देऊ?

वैशाली_नाशिक: मी विमा एजंट आहे. 210 ग्राहक आहेत. गुगल शीटमध्ये नाव, मोबाइल, जन्मतारीख, लग्नाची तारीख एवढंच आहे. भेटीला माणशी 60 रुपयांच्या वर परवडत नाही. तुम्ही कसं करता?

पराग७७: चांदीचं नाणं द्या. मी गेल्या वर्षी 5 ग्रॅमची दिली, लोक अजून नाव काढतात. 60 रुपयांत काय येतं?

सानेकाका: भेटीचं नंतर बघू, आधी तारखा नीट करा. जन्मतारखेवर सॉर्ट केलं की 1948 चे वर आणि 1990 चे खाली जातात, आज कोणाचा वाढदिवस ते कळत नाही. शेजारी एक रकाना घाला:

```
=TEXT(C2,"mmdd")
```

17 ऑगस्टचं 0817 होतं, साल कुठलंही असो. त्यावर सॉर्ट करा. 0817 न येता जुनीच तारीख दिसली, तर शीटने ती साधा मजकूर धरली आहे. File > Settings मध्ये Locale India करा आणि ती पुन्हा टाइप करा. Locale अमेरिकेचं असेल तर 05/08 हा 8 मे होतो, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे 12 पर्यंतचे दिवस कागदाशी ताडून बघा.

मंगेश_एलआयसी: एवढी खटपट कशाला? ब्रॉडकास्ट लिस्ट करा, सगळ्यांना एकदम जातं.

सानेकाका: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातं. बाकीच्यांना काही मिळत नाही.

रेखा_सातारा: लग्नाच्या तारखेला जपा, ताई. एका काकूंना मी जोडीने शुभेच्छा पाठवल्या. काका चार महिन्यांपूर्वी गेले होते, त्यांचा क्लेमही मीच भरला होता. पण शीट तशीच राहिली. काकूंनी फक्त "बरं" लिहिलं. आता क्लेमचा कागद हातात आला की त्याच दिवशी लग्नाची तारीख पुसते.

पराग७७: नाण्याचं मी आधीच सांगितलंय.

मंगेश_एलआयसी: पॉलिसी घेतानाच नाणं दिलंत तर ते आमिष होत नाही का? विमा कायदा 1938, कलम 41 वाचा.

पराग७७: कलम 41 हप्त्यातल्या सुटीबद्दल आहे. मी वाढदिवसाला देतो.

वैशाली_नाशिक: सॉर्ट केलं. 0601 वर 31 जण निघाले! सगळे साठीच्या पुढचे.

सानेकाका: शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली 1 जून ती. त्या दिवशी शुभेच्छा दिल्यात तर ते हसतील. खरी तिथी विचारून घ्या, कोणी "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" सांगेल, तेच लिहून ठेवा.

रेखा_सातारा: मी तुळशीचं रोप देते, कुंडीसकट 40 ला पडतं.

वैशाली_नाशिक: रोप स्कूटरवर नेताना मोडतं. ठरवलं, वाढदिवसाला भेट नाहीच, सकाळी फोन करणार. लग्नाची तारीख रकान्यातूनच काढली. 60 रुपयांचा तिळगुळाचा डबा संक्रांतीला सगळ्यांच्या घरी स्वतः नेऊन देईन. त्या 31 जणांपासून सुरुवात, तेव्हाच तिथी विचारते.

पराग७७: संक्रांतीला सगळेच देतात, ताई.