क्लिक मोजके, मग नाव पोचलं हे ओळखायचं कसं? तुमचे अनुभव लिहा

डाळवाली

आमची लहानशी डाळ मिल आहे, समुद्रपूरकडे. तूरडाळ आणि बेसन, दोन्ही पाकिटात, माल किराणा दुकानांतून जातो. खरं नाव टाकलं तर जाहिरात होईल, म्हणून धाग्यापुरतं आमच्या ब्रँडला ‘पाटवडी’ म्हणू.

दिवाळी झाल्यावर समुद्रपूर तालुक्यातल्या गावांत भिंती रंगवून घेतल्या. देवळी तालुक्यातही माल जातो, पण तिथे मुद्दाम एकही भिंत रंगवली नाही. आता घरचे विचारतात, पैसे वाया गेले का? वेबसाइटवर आठवड्याला तीन-चार क्लिक येतात. आधीही तेवढेच, आताही तेवढेच. बेसन घ्यायला कोणी वेबसाइटवर येत नाही, हे मलाही कळतं. पण नाव लोकांच्या डोक्यात गेलं की नाही, हे कुठून तरी दिसायला हवं ना? ज्यांनी असं मोजून पाहिलं आहे त्यांनी लिहा. जाहिरात कशी करावी, हा विषय इथे नको.

संत्रेवाला_मोर्शी

ताई, क्लिक वाढवायचे असतील तर वेबसाइटवर रेसिपी टाका. मी संत्र्याच्या बर्फीची टाकली होती, पब्लिक तुटून पडली.

डाळवाली

भाऊ, क्लिक वाढवायचे नाहीत. नाव किती जणांना माहीत आहे ते मोजायचं आहे. आणि रेसिपीचं म्हणाल तर ‘पाटवडी’ शोधणारे निम्मे लोक रेसिपीच शोधत असतात, तीच तर कटकट आहे.

नागपूरचा_आकडेमोड्या

बरीच वर्षं हेच काम करून राहिलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लिक सोडा, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन बघा, म्हणजे शोधाच्या निकालात तुमची साइट किती वेळा दिसली ते. स्वतःचं नाव कोणी शोधलं तर तुमची साइट बहुतेक वेळा वरच दिसते, त्यामुळे नावाच्या शोधाचे इम्प्रेशन म्हणजे जवळपास किती वेळा नाव शोधलं गेलं तो आकडा. माणूस फोन नंबर किंवा पत्ता तिथेच पाहून घेतो, क्लिक करत नाही. क्लिक तीनच राहिले तरी शोध दुप्पट झालेला असू शकतो.

यासाठी `Performance` मध्ये `Query` चा फिल्टर, त्यात `Custom (regex)`, म्हणजे शब्दांचा नमुना. लोक नाव कसंही लिहितात, म्हणून सगळी रूपं धरावी लागतात. रेसिपीवाले गाळायला नावासोबत मालाचा शब्दही मागा:

```
pat(wadi|vadi|odi).*(dal|besan)|पाट(वडी|ोडी).*(डाळ|दाल|बेसन)
```

यात नुसतं ‘पाटवडी’ लिहून तुम्हाला शोधणारे सुटतील, ते सुटू द्या. आकडा लहान निघाला तरी चालेल, दर वेळी त्याच चाळणीतून आला पाहिजे. नमुना मध्येच बदलला तर जुने आठवडेही नव्या नमुन्याने पुन्हा काढा.

आणखी एक. फारच थोड्या लोकांनी केलेला शोध गूगल यादीत दाखवतच नाही. एकूण बेरजेत तो असतो, पण शब्दाचा फिल्टर लावला की गायब. फिल्टर नसताना वरची बेरीज आणि खालच्या ओळींची बेरीज जुळत नाही, ती यामुळे. खेड्यातल्या ब्रँडचा मोठा भाग त्या न दिसणाऱ्या ढिगात असतो. म्हणून शून्य दिसलं तर कोणी शोधलंच नाही असं समजू नका.

पुसदकर

इतकं कशाला? अ‍ॅनालिटिक्समध्ये डायरेक्ट बघा न भाऊ. पत्ता टाइप करून येतो तो माणूस नाव ओळखतोच. आमच्या कृषी केंद्राचं डायरेक्ट एका महिन्यात तिप्पट झालं. ब्रँड झाला न!

नागपूरचा_आकडेमोड्या

पुसदकर, निम्मं बरोबर आहे. पण `(direct) / (none)` म्हणजे ‘कुठून आला ते कळलं नाही’. त्यात टाइप करणारे असतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवर बोट ठेवणारेही असतात. त्या महिन्यात ग्रुपवर काही टाकलं होतं का?

पुसदकर

बियाण्याची भावाची यादी टाकली होती. सतरा ग्रुपवर. 😐

नागपूरचा_आकडेमोड्या

मग डायरेक्टमधले लोक कोणत्या पानावर उतरले ते पाहा. भावाच्या पानाचा लांबलचक पत्ता कोणी पाठ करून टाइप करत नाही. नुसत्या होमपेजवर उतरलेले वेगळे काढा, नाव आठवून आलेले असले तर त्यातच असतील. पुढच्या वेळी ग्रुपवरच्या लिंकला शेपूट लावा:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=chat&utm_campaign=bhav
```

पाकिटावरच्या क्यूआर कोडलाही असंच शेपूट हवं, नाहीतर तोही डायरेक्टमध्ये जाऊन बसतो.

पुसदकर

पाह्यलं. होमपेजवाले महिन्याला नऊ. आधी अकरा होते. ब्रँड गेला राजेहो.

डाळवाली

मी तुमच्या नमुन्याने आकडे काढले. भिंतींच्या आधीचे आठ आठवडे (दिवाळीचे दोन वगळून) सरासरी 17 इम्प्रेशन. भिंतींनंतर डिसेंबर-जानेवारीचे आठ आठवडे सरासरी 27. मागच्या वर्षी याच आठवड्यांत 15 होते. म्हणजे वाढलं ना?

नागपूरचा_आकडेमोड्या

मागच्या वर्षाशी ताडून पाहिलंत हे उत्तम. सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांचंच मिळतं, आत्ताच एक्सेलमध्ये उतरवून ठेवा. पण एक विचारतो, तुमची पोरं दुकानदाराला दाखवायला मोबाइलवर नाव शोधतात का?

डाळवाली

अगं बाई! हो. डिसेंबरपासून दोन नवे डिलिव्हरीवाले ठेवलेत. मीच सांगितलं होतं, ‘गूगलवर आहोत’ म्हणून दाखवा.

डाळवाली (दोन आठवड्यांनी)

पोरांना शोधणं बंद करायला लावलं, त्याऐवजी फोटो दिला. आकडा 27 वरून 21 वर आला. म्हणजे दहातले सहा आम्हीच होतो. हसू नका.

संत्रेवाला_मोर्शी

हसलो नाही. माझंही सांगतो, आता मुद्दा समजला. माझं गूगलवर दुकानाचं प्रोफाइल आहे. तिथे कोणत्या शब्दाने लोकांना मी दिसलो ते महिन्याचं कळते, पण माझ्या नावासमोर कायम `< 15` लिहिलेलं. ते दोन असो का चौदा, सारखंच. मी ते पाहणं सोडलं. फोन करणाऱ्याला विचारतो, ‘नंबर कुठून भेटला?’ आणि वहीत रेघ मारतो. मागच्या बहारात ‘गूगलवर नाव टाकलं’ म्हणणारे सव्वीस होते. ‘संत्रा मोर्शी असं टाकलं’ म्हणणारे वेगळ्या रकान्यात. पहिल्याला माझं नाव माहीत होतं, दुसऱ्याला संत्रं पाहिजे होतं.

डाळवाली

भाऊ, हा रकाना मी उचलते.

पण खरा प्रश्न तसाच आहे. ही वाढ समुद्रपूरची की देवळीची? सर्च कन्सोलमध्ये देश दिसतो, तालुका दिसत नाही. अ‍ॅनालिटिक्समध्ये शहर आहे, पण मी घरून मोबाइलवर साइट उघडली तर ते मला कधी नागपूरची म्हणतं, कधी मुंबईची.

नागपूरचा_आकडेमोड्या

ते मोबाइल कंपनीचं जाळं जिथून बाहेर पडतं तिथलं नाव देतं. इंटरनेटचे आकडे तुम्हाला ‘कधी’ सांगतील, ‘कुठे’ सांगणार नाहीत. ‘कुठे’साठी बाजारात उभं राहावं लागेल.

डाळवाली

उभी राहिले होते! म्हणजे माझी भाची. भिंतींच्या आधी ऑगस्टमध्ये आणि आता जानेवारीत, समुद्रपूरच्या आणि देवळीच्या आठवडी बाजारात, दर वेळी 60 जणांना विचारलं. समुद्रपूरला आधी 60 पैकी 3 जणांनी आमचं नाव घेतलं, आता 9. देवळीला 2 होते, आता 4.

निवृत्त_सर्वेवाले

मी नोकरीत असताना घरोघरी याद्या भरल्या आहेत, म्हणून विचारतो. साठांत पाकिटाचं बेसन घेणारे किती? आपल्याकडे अर्ध्या घरी स्वतःची तूर-हरभरा असतो, गावातल्या चक्कीवर दळून आणतात. त्यांना ब्रँड विचारून काय उपयोग?

डाळवाली

काका, तो प्रश्न आधी होता. ‘गेल्या दोन महिन्यांत पाकिटाचं बेसन किंवा डाळ घेतली का?’ समुद्रपूरला हो म्हणणारे पहिल्या फेरीत 38, दुसऱ्या फेरीत 40. देवळीला 35 आणि 36. नाव घेणारे सगळे यांच्यातलेच.

निवृत्त_सर्वेवाले

छान केलं. आणि नावं वाचून दाखवण्याच्या आधी विचारलं की नंतर? एकदा यादी कानावर पडली की माणूस मान डोलावतोच. समोरच्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतो.

डाळवाली

आधी मोकळं विचारलं, ‘कोणकोणती नावं आठवतात?’ मग पाच नावं वाचली, त्यात एक नाव आम्ही बनवलेलं, बाजारात नसलेलं. समुद्रपूरला दुसऱ्या फेरीत 40 पैकी 21 जण म्हणाले ‘पाटवडी ऐकलंय’. आणि त्या नसलेल्या नावालाही 7 जण म्हणाले, हो हो, ऐकलंय, चांगलं असते!

निवृत्त_सर्वेवाले

मग त्या 21 मधले साधारण तितकेच मान डोलावणारे समजा. पहिल्या फेरीतही हे पाहिलं असेल तर दोन्हींतून वजा करून ताडा.

डाळवाली

पहिल्या फेरीत 38 पैकी 14, आणि खोट्या नावाला 6. म्हणजे वजा करून 8 वरून 14.

अजून एक घोळ झाला. चौघी म्हणाल्या, ‘नाव नाही माहीत, पण ते पिवळं पाकीट, त्यावर पाट्याचं चित्र.’ हे आमचंच. भाचीने एकीला आठवलं म्हणून लिहिलं, तिघींना नाही. मी चौघींना वेगळ्या रकान्यात टाकलं, 9 मध्ये कोणी नाही.

नागपूरचा_आकडेमोड्या

बरोबर केलं. चित्र ओळखणारी बाई दुकानात तुमचंच पाकीट उचलते, पण गूगलवर शोधू शकत नाही. तिला फक्त बाजारातला प्रश्नच पकडतो.

आता 3 वरून 9 बद्दल. आकडे इतके लहान असले की नुसत्या योगायोगाने पंधरा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. तुमचा फरक 8 टक्क्यांवरून साडेबावीस, म्हणजे साडेचौदाच्या आसपास. काठावर आहे. भिंतींमुळे झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. झालं नाही असंही म्हणणार नाही. दोन्ही बाजारांत पाकीट घेणारे दीड-दोनशे भेटले तर काही बोलता येईल.

पुसदकर

सरळ विचारा न, ‘नाव कुठे पाह्यलं?’ भिंत म्हणाले की भिंत.

डाळवाली

विचारलं होतं भाऊ. नऊपैकी पाच म्हणाले भिंतीवर. दोघं दुकानात. आणि दोघं म्हणाले टीव्हीवर. आम्ही टीव्हीवर कधीच नव्हतो.

संत्रेवाला_मोर्शी

टीव्हीवर म्हटलं म्हणजे मोठी कंपनी समजतात तुम्हाले. भाव वाढवा.

निवृत्त_सर्वेवाले

‘कुठे पाहिलं’ या उत्तरावर पैशाचा निर्णय घेऊ नका, माणसाला ते आठवत नाही. एक मात्र मला अजून खटकतं. देवळीतही 2 चे 4 झाले. तिथे भिंत नाही. या काळात दोन्हीकडे दुसरं काही बदललं होतं का?

डाळवाली

डिसेंबरात अर्धा किलोचं छोटं पाकीट काढलं, दोन्ही तालुक्यांत. आणि देवळीतला एक दुकानदार ते काउंटरवरच ठेवतो, समोर. हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या बाजारातले चारपैकी किती त्याच्याकडचे, ते भाचीच्या कागदावर नाही. पुढची फेरी पोळ्याच्या आधी घेणार आहे, त्यात ‘किराणा कुठून घेता’ हा प्रश्न वाढवते.