मदत हवी आहे: लॅक्टुलोजचा डोस घरी कसा सांभाळता?

बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे. डोळे पिवळे, पोटात पाणी. मीठ कमी केलंय, लघवीच्या गोळ्या चालू आहेत. पण मला खरी धास्ती आहे ती गोंधळाची. मध्यंतरी पोट साफ होईना, मग दिवसा झोप, रात्री जाग, सही वाकडी, आणि हात पुढे धरले की पंजे फडफडायचे. डॉक्टर म्हणाले, आतड्यातला अमोनिया यकृताला साफ करता येत नाही, तो मेंदूपर्यंत पोहोचतो. जंतुसंसर्ग नाही ना, हे बघायला पोटातलं पाणी सुईने काढून तपासलं, लॅक्टुलोज सुरू केलं. झोपेची गोळी मनाने देऊ नका, असंही बजावलं. बाबा हळूहळू नीट बोलायला लागले.

आता दिवसातून 2 ते 3 वेळा मऊ शौचाला व्हावं, इतपत लॅक्टुलोज द्यायचंय. पण कधी 5-6 वेळा पातळ होतं, आणि अंगातलं पाणी कमी झालं तरी गोंधळ वाढतो म्हणे. ज्यांनी हे घरी सांभाळलंय त्यांनी कृपया सांगा: अशा दिवशी तुमच्या डॉक्टरांनी पुढचा डोस कमी करायला सांगितला की थांबवायला? लघवीच्या गोळ्यांचं काय केलं? आणि रात्री साधी झोप आणि गुंगी यांतला फरक कसा ओळखता? हाक मारून उठले नाहीत तर थेट इमर्जन्सीत न्यायचं, हे पक्कं ठाऊक आहे. त्याआधीच्या खुणा हव्या आहेत.