'मरीन'ला 'नौसैनिक' म्हणता येईल का?

मुठाकाठ
सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशकांसाठी दुसऱ्या महायुद्धावरचे लेख मराठीत आणते आहे. मी सगळीकडे 'मरीन' ठेवलं होतं, मुद्रितशोधकांनी सरसकट 'नौसैनिक' केलं. त्यामुळे एक वाक्य असं झालंय: "नौसैनिकाने जखमी नौसैनिकाला वाळूतून ओढत आणलं." मुळात ओढणारा नौदलाचा वैद्यकीय मदतनीस आहे आणि जखमी माणूस मरीन. शोधकांचं म्हणणं, मरीन नौदलाच्याच खात्यात येतात, मग नौसैनिकच की. मला हे पटत नाही, पण त्यांना समजावण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही.

बालेवाडीकर
माझा भाचा मरीन आहे, बोटीवर सहा महिने असतो. इंजिन सांभाळतो, बंदूक कधी हातात धरलेली नाही. त्यामुळे 'सैनिक' शब्दच काढून टाका. 'दर्यावर्दी' चांगला आहे.

मुठाकाठ
बालेवाडीकर, भाचा मरीन इंजिनिअर असेल, मर्चंट नेव्हीतला. मी लढणाऱ्या मरीनबद्दल विचारते आहे.

शब्दवेडा
शिवकाळात आरमार होतं, गुराबा-गलबतांवर लढणारी माणसं होती. पायदळाच्या शिपायाला 'हशम' म्हणत. तेव्हा 'आरमारी हशम' म्हणा. आपल्याकडे शब्द असताना उसना कशाला?

औंधवाली
आरमार पोर्तुगीजांच्या 'अरमादा'वरून आलं, हशम अरबीतून. हे दोन चालतात, मग 'मरीन'ने काय घोडं मारलंय? उलट दिशेचंही उदाहरण आहे. आपण ज्याला लष्कर म्हणतो तोच फारसी शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि तिथे 'लास्कर' म्हणजे बोटीवरचा खलाशी झाला. शब्द जमिनीवरून पाण्यात जातातच.

वानवडीकर
मी पायदळात होतो, खडकवासल्याला एनडीएत नौदलाची मुलं माझ्याच स्क्वाड्रनमध्ये होती. मुठाकाठ ताई, तुमचं बरोबर आहे, आणि पुरावा त्या वाक्यातच आहे. अमेरिकेत नौदल आणि मरीन कोअर ही दोन वेगळी दलं, वर नौदल खातं मात्र एकच. मरीन कोअरकडे स्वतःचा तोफखाना आहे, स्वतःची विमानं आहेत. पण डॉक्टर, वैद्यकीय मदतनीस, धर्मगुरू त्यांचे स्वतःचे नाहीत, ते नौदल पुरवतं. म्हणून गोळ्यांच्या वर्षावात मरीनच्या शेजारी धावणारा मदतनीस हा खरा नौसैनिक असतो. दोघांना एकच शब्द दिलात तर त्या प्रसंगातलं नातंच पुसलं जाईल.

पर्वतीकर
सोपं आहे. समुद्रातून किनाऱ्यावर उतरणारं पायदळ म्हणजे मरीन. आपल्याकडे मार्कोस आहेत ना, तेच.

वानवडीकर
दोन्ही अर्धं बरोबर. मार्कोस नौदलाचं विशेष दल आहे, १९८७ मध्ये उभं राहिलं. छोट्या तुकड्या, नेमकी कामगिरी. मरीन म्हणजे हजारोंच्या संख्येने उतरून किनारा घेणारी आणि पुढे लढत राहणारी फौज. तसं वेगळं दल भारतात नाही. ते काम सैन्याच्या पायदळ तुकड्यांकडे असतं, नौदल त्यांना नेऊन उतरवतं.

आणि उतरला म्हणून कुणी मरीन होत नाही. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकन डिव्हिजन सैन्याच्या होत्या. ब्रिटिश रॉयल मरीन तिथे होते, काही कमांडो म्हणून लढले, आणि बरेचसे उतरवणाऱ्या होड्या चालवत होते.

फरक कळायला आपलंच उदाहरण घ्या. डिसेंबर १९७१, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं कॉक्स बझार. पाकिस्तानी फौज ब्रह्मदेशाकडे निसटू नये म्हणून १/३ गुरखा रायफल्सला समुद्रातून उतरवायचं ठरलं. घाईत जुळवाजुळव झाली. नौदलाची घडियाल आणि गुलदार ही जहाजं नाक किनाऱ्याला टेकवून पुढचं दार उघडतात, माणसं चालत उतरतात. पण जहाज टेकलं ते पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर. दांड्याच्या पलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, खोल चर होता. पहिले जवान पाठीवरच्या ओझ्यासह पाण्यात उतरले आणि पाणी डोक्यावरून गेलं. काही जण बुडाले. शत्रूची गोळीही न झेलता! उतरवणं थांबवावं लागलं, बाकीच्यांना स्थानिक होड्यांनी नेलं. गुरख्यांच्या धैर्यात काय कमी होतं? काहीच नाही. त्यांना त्या कामाचं प्रशिक्षण मिळालं नव्हतं आणि किनारा आधी कुणी पाण्यात उतरून तपासला नव्हता.

पर्वतीकर
म्हणजे फरक फक्त पोहण्याचा?

वानवडीकर
पोहणं त्यातला लहान भाग. पायदळ जहाजाने हलवायचं असेल तर जागा वाचेल असं सामान भरतात. मरीन भरताना उलटा विचार करतात: किनाऱ्यावर जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, म्हणजे ते वर राहतं. शिवाय जहाजाच्या तोफांचा मारा कुठे हवा हे सांगणारी माणसं त्यांच्यासोबत उतरतात, कारण स्वतःच्या तोफा उतरेपर्यंत नौदलच त्यांचा तोफखाना असतो. अमेरिकन मरीनचं पहिलं प्रशिक्षण १३ आठवड्यांचं. स्वयंपाकी असो की कारकून, प्रत्येकाला आधी रायफल चालवणारा शिपाई व्हावंच लागतं.

गुहागरची_आता_कर्वेनगर
वाळूच्या दांड्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पुळणीवर मुंबई-पुण्याची मुलं अशीच फसतात. गुडघाभर पाणी बघून पुढे जातात आणि मध्ये चर लागतो. पण काका, मरीन असते तर हे टळलंच असतं, असं कसं म्हणता?

वानवडीकर
म्हणत नाही. पॅसिफिक महासागरातलं तारावा बघा, नोव्हेंबर १९४३. तिथल्या जपान्यांच्या ताब्यातल्या बेटिओ बेटाभोवती प्रवाळाचा कठडा. होड्यांना साधारण चार फूट पाणी हवं होतं, कठड्यावर तीनच फूट. साखळीपट्ट्यांवर चालणारी वाहनं कठडा ओलांडून गेली, पण ती पुरेशी नव्हती. मागच्या तुकड्यांच्या होड्या अडकल्या, मरीन जवळजवळ पाचशे यार्ड पाण्यातून गोळीबारात चालत गेले. ७६ तासांत हजाराच्या आसपास अमेरिकन मेले. त्या भागाची माहिती असलेल्या न्यूझीलंडच्या एका अधिकाऱ्याने भरतीबद्दल आधी बजावलंही होतं.

गुहागरची_आता_कर्वेनगर
तिथी कुठली होती?

वानवडीकर
२० नोव्हेंबर, चंद्र शेवटच्या चतुर्थांशात.

गुहागरची_आता_कर्वेनगर
म्हणजे कृष्ण अष्टमीच्या आसपास. भांगाची भरती हो! अष्टमीला पाणी ना धड चढतं, ना धड ओसरतं. माझ्या आजोबांनी त्या दिवशी होडी खडकावर घातलीच नसती.

वानवडीकर
हेच. चंद्र पृथ्वीपासून लांबही होता, त्यामुळे भरती आणखी मंद. तारावानंतर नौदलाने पाण्यात उतरून अडथळे मोजणाऱ्या, उडवणाऱ्या जवानांची पथकं उभी केली. किनारा आधी मोजायचा तो नौदलाने, घ्यायचा मरीनने. माझ्या लेखी मरीनची ओळख ही आहे.

पर्वतीकर
पण त्याच दिवशी शेजारच्या माकिनवर सैन्याचंच पायदळ उतरलं ना? मग पायदळाला शिकवून भागत असेल तर वेगळं दल हवंच कशाला?

वानवडीकर
उतरलं, हो. वेगळं दल हवं का, हा वाद अमेरिकेतही अनेकदा झालाय. माझं मत, हवं. कॉक्स बझारसारखं घाईघाईत कुणालाही ते शिकवता येत नाही. पण इथल्या माझ्याच जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही.

शब्दवेडा
'भांग' हा शब्द 'भंग'वरून आला असणार, भरतीचा भंग. पाहा, मराठीत समुद्राचे किती शब्द आहेत, आणि आपण 'मरीन'वर अडलोय. 'आरमारी हशम' मी सोडत नाही.

औंधवाली
'भंग'चा पुरावा द्या. आणि १९४३ च्या अमेरिकन पोराला हशम म्हटलं तर वाचकाला तो जंजिऱ्यासमोर उभा दिसेल.

मुठाकाठ
वानवडीकर काका, ते मदतनिसाचं स्पष्टीकरण शोधकांना पाठवलं. 'मरीन' ठेवायला ते तयार आहेत, पण आता अनेकवचनावर अडलेत: 'मरीननी', 'मरीन्सनी' की 'मरीनांनी'?

शब्दवेडा
'हशमांनी'.

गुहागरची_आता_कर्वेनगर
'मरीनांनी' कानाला बरं वाटतं. काका, त्या प्रवाळाच्या कठड्याला आमच्याकडे 'खडप' म्हणतील का, की खडप नुसत्या दगडाचंच?