राजस्थान सहल : हॉटेलच्या जेवणाचा ईमेल

सुनीताताई, बी-302 : ज्येष्ठांच्या सहलीसाठी एजन्सीला लिहून राहिले. "आमच्या 14 जणांत 5 मधुमेही आणि 6 बीपीवाले आहेत, कृपया पथ्याचे जेवण द्यावे." एवढं पुरे ना? पाठवू?

मोहनकाका, ए-101 : थांबा ताई. यातून आचाऱ्याला काय करायचं तेच कळत नाही. 'मधुमेही' वाचलं की तो गोड काढून घेतो, उकडलेली भाजी देतो आणि बाजूला भाताचा ढीग ठेवतो. आजारांची नावं काढा. काय हवं, किती ताटं आणि किती वाजता, एवढंच लिहा.

प्रज्ञा, सी-204 : त्यातही वेळ सगळ्यात आधी. पाचपैकी तिघांना ग्लिमेपिराइड आहे. नाश्त्याबरोबर गोळी घेतली की ती दिवसभर इन्सुलिन सोडायला लावते, मग जेवण आलेलं असो की नसो. आपला अडचणीचा दिवस चौथा, उदयपूर ते जोधपूर. मधलं रणकपूरचं मंदिर पर्यटकांना दुपारी 12 ला उघडतं. बघून बाहेर यायला दीड, मग हॉटेल शोधा, ताट समोर येईस्तोवर अडीच. साखर उतरते ती याच वेळात. म्हणून जेवण मंदिराच्या आधी ठेवा.

सुनीताताई : आणि बसमध्येच कोणाला झालं तर?

प्रज्ञा : अचानक घाम, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे दिसलं की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. 15 मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पाहा, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. बरं वाटलं की पोळी किंवा बिस्किटं. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. साखरेची पुडी ईमेलमध्ये मागू नका, आपल्याच पिशवीत हवी.

सुनीताताई : बीपीवाल्यांसाठी 'कमी मीठ' लिहिते.

मोहनकाका : त्यानं भागत नाही. हॉटेलात ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात मीठ घालून तयार होते. रात्री तुम्ही सांगितल्यावर त्यातलं मीठ कोण काढणार? तिकडच्या गट्ट्याच्या आणि पापडाच्या भाजीचं तसंच आहे, पापडातच मीठ आणि खार असतो. सहा जणांसाठी ताजी सुकी भाजी वेगळी मागा.

रमेशभाऊ, बी-105 : वरण फोडणीआधी बाजूला काढा म्हणून लिहा.

मोहनकाका : भाऊ, बऱ्याच ठिकाणी कुकरमध्येच हळदीसोबत मीठ पडतं. म्हणून "वेगळ्या छोट्या कुकरमध्ये" असंच लिहावं लागतं. आणि एजन्सीला मराठीत चालेल, पण आचाऱ्याची चिठ्ठी हिंदीत द्या. त्यात 'फीका' लिहू नका, त्याचा अर्थ कमी तिखट असाही घेतला जातो. 'बिना नमक' लिहा.

रमेशभाऊ : सैंधव चालेल ना मग?

प्रज्ञा : नाही भाऊ, सैंधवही सोडियमच. 'लो सोडियम' मीठही मागू नका. त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्याचा धोका हृदयाला.

सुनीताताई : आता पाहा बरं :

*विषय : 14 ज्येष्ठ प्रवासी, हॉटेलच्या जेवणाच्या सूचना*

*सप्रेम नमस्कार,*
*1. नाश्ता सकाळी 7:30, जेवण दुपारी 12:30, रात्रीचे 7:30. अर्ध्या तासाहून जास्त उशीर होणार असेल तर सहल व्यवस्थापकाने आधी सांगावे.*
*2. चौथ्या दिवशी जेवण रणकपूरला 12:30, दुपारी 3 ला बसमध्ये चणे-फुटाणे व फळ.*
*3. रोज दोन्ही जेवणांत 6 ताटे बिना मिठाची : वरण वेगळ्या छोट्या कुकरमध्ये, एक सुकी भाजी ताजी, साधे फुलके. पापड-लोणचे नको. मीठ टेबलावर वेगळे.*
*4. पाच ताटांत भात एक वाटी, फुलके दोन, काकडी-टोमॅटो, साधे दही.*
*5. दोघांना कवळी आहे. बाटी नको, मऊ खिचडी.*
*प्रत्येक हॉटेलच्या स्वयंपाकघराकडून मुद्दा 1 ते 5 मान्य असल्याचे लेखी उत्तर मागवून आम्हाला पाठवावे.*

मोहनकाका : शेवटची ओळ मुळीच काढू नका. एजन्सीचं 'नोटेड' आलं म्हणजे आचाऱ्यापर्यंत पोचलं असं नाही. पोचायच्या आदल्या दिवशी दुपारी 4 ला हॉटेलच्या स्वयंपाकघरात फोन लावा, तोवर दुसऱ्या दिवसाचा बाजार ठरलेला नसतो.

प्रज्ञा : मुद्दा 2 मध्ये चुकलं ताई, 12:30 ला आपण मंदिरात असू. 11:15 करा. आणि 3 व 4 मधली तीन माणसं दोन्हींत आहेत, ती तीन ताटं वेगळी लिहा. नाहीतर एकूण 11 ताटं मोजतील.

सुनीताताई : बरं. म्हणजे फक्त बिना मिठाची 3, फक्त मापाची 2, दोन्ही मिळून 3. एकूण 8. करते दुरुस्त.